नळाला धार, मशीनला थेंब

पुण्यात जलवाहिन्यांच्या दुरुस्तीसाठी पाणी बंद ठेवायचं असलं, की बहुधा गुरुवार ठरतो. महापालिकेच्या सूचनेच्या शेवटी एक ओळ हमखास असते : शुक्रवारी सकाळी पाणी उशिरा आणि कमी दाबाने येईल. रिकाम्या झालेल्या वाहिन्यांत पाणी पुन्हा घुसतं तेव्हा आत बसलेला गाळ आणि गंजाचे कण सोबत घेऊन येतं. त्यातला बराचसा सोसायटीच्या टाकीत तळाला बसतो. उरलेला पुढे सरकतो आणि वॉशिंग मशीनच्या मागच्या बाजूला, रुपयाच्या नाण्याहून लहान असलेल्या एका जाळीवर अडकतो.

घरातल्यांना हे कळतं ते उलट्या बाजूने. मशीन सुरू होतं, आतून नुसती घूं-घूं येते, पाणी मात्र चिंचोळ्या धारेने पडत राहतं. काही वेळाने मशीन थांबतं आणि पडद्यावर अक्षरं दिसतात. एलजीच्या मशीनवर IE, सॅमसंगच्या बऱ्याच मशीनवर 4C किंवा 4E. अर्थ एकच : ठरलेल्या वेळात पुरेसं पाणी आलं नाही. मशीनला एवढंच ठाऊक असतं. पाणी कुठे अडलं हे त्याला सांगता येत नाही. घरोघरी निदान मात्र तयार असतं, ‘व्हॉल्व्ह गेला.’ बऱ्याचदा तो ठणठणीत असतो.

खरी अडचण शोधायला एक बादली आणि घड्याळ पुरतं. उदाहरणादाखल सहा मजली इमारतीतलं सगळ्यात वरचं घर घ्या. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी नळापेक्षा जेमतेम चार मीटर उंच. दहा मीटर उंचीमागे साधारण एक बार दाब मिळतो, म्हणजे इथे दाब सुमारे 0.4 बार. बऱ्याच मशीनच्या पुस्तिकांत किमान दाब 0.3 ते 0.5 बारच्या आसपास दिलेला असतो, तेव्हा हे घर सीमेवरच आहे. सगळ्यात वरच्या मजल्यावर पाण्याला जोर असेल, असं टाकी जवळ असल्यामुळे अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात जोर खालच्या मजल्यांना मिळतो.

आता मशीनकडचं पाइपाचं टोक सोडवून बादलीत धरलं आणि नळ पूर्ण उघडला. वीस लिटरची बादली अडीच मिनिटांत भरली, म्हणजे मिनिटाला आठ लिटर. वरून कपडे टाकायच्या या मशीनला चाळीस लिटर पाणी लागत असेल, तर व्हॉल्व्हचा स्वतःचा अडथळा धरूनही सहा-सात मिनिटांत भरायला हवं. ते वीस मिनिटं घेत असेल, तर पाणी पाइपानंतर अडलंय आणि पहिला संशय जाळीवर. उलट बादलीच रडतखडत भरली, तर मशीनला हातही लावायला नको. नळ, भिंतीतला पाइप किंवा टाकीकडचा कॉक तपासायचा.

जाळी काढणं सोपं आहे. आधी प्लग काढायचा, मग नळ बंद करायचा. पाइपात उरलेलं पाणी सांडतं म्हणून खाली तसराळं किंवा जुना टॉवेल ठेवायचा. मशीनच्या मागचा प्लास्टिकचा नट हाताने सैल केला, की आत टोपीच्या आकाराची बारीक जाळी दिसते. तिच्या मधोमध पकडायला छोटा कंगोरा असतो. तो निमुळत्या पकडीने धरून सरळ बाहेर ओढायचा. पिरगाळलं तर प्लास्टिक तुटतं. नळाखाली धरून जुन्या टूथब्रशने घासली, की तांबूस चिखल निघून जातो. बोअरच्या पाण्याचा पांढरा थर मात्र ब्रशला दाद देत नाही. त्यासाठी कोमट पाण्यात लिंबूसत्त्व विरघळवून जाळी अर्धा-एक तास भिजवून ठेवावी. काही पाइपांच्या नळाकडच्या टोकातही दुसरी जाळी असते, आणि पहिली लख्ख करूनही मशीन रेंगाळलं तर बहुतेकदा ही दुसरी विसरलेली असते.

इथे एक मोह आवरायला हवा. कटकटच नको म्हणून जाळी फेकून देणारे लोक आहेत, आणि तसं करून देणारे कारागीरही. पहिल्या दिवशी मशीन झकास भरतं. पण व्हॉल्व्हच्या पोटात एक रबरी पडदा असतो आणि त्याला अगदी बारीक छिद्र. त्या छिद्रातून पडद्यामागे गेलेलं पाणीच त्याला दाबून बंद ठेवतं. एखादा कण तिथे अडकला किंवा पडद्याच्या बैठकीवर बसला, की व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. मग बंद मशीनमध्येही पाणी झिरपत राहतं. प्लग काढल्यावरही टबात पाणी वाढत असेल, तर हा दोष विजेचा नसून पडद्याचा आहे, आणि तेव्हा मात्र व्हॉल्व्ह खरोखरच बदलावा लागतो.

जाळी साफ झाली, पाइप पुन्हा लावला आणि नटाखाली थेंब दिसू लागला, ही पुढची तक्रार. इथे हात आपोआप टेफ्लॉन टेपकडे जातो. भिंतीत बसवलेल्या नळाच्या आट्यांना टेप लागते, ते बरोबर. या नटाच्या आट्यांचं काम मात्र फक्त दाबून धरण्याचं. पाणी अडवतो तो नटाच्या तळाशी बसलेला चपटा रबरी वायसर. आट्यांवर टेप जाड झाली तर नट आधीच घट्ट वाटू लागतो आणि वायसर पुरता दाबलाच जात नाही. म्हणून टेप काढून वायसर पाहावा. तो एका बाजूला दुमडला असेल, त्याच्यावर रेतीचा कण असेल किंवा रबर इतकं कडक झालं असेल की त्यावर गोल चर पडलेला असेल, तर गळती होणारच. कधी जुना वायसर मशीनच्या तोंडालाच चिकटून राहतो आणि नव्या पाइपाचा त्याच्यावर चढतो. दोन वायसर म्हणजे दुप्पट बंदोबस्त असं वाटतं खरं, पण ते एकमेकांवरून घसरतात.

नट हाताने, सरळ धरून फिरवावा. पहिल्याच फेऱ्याला अडला तर तिरका चढतोय. उलटा फिरवून पुन्हा लावावा. हाताने घट्ट झाल्यावर फार तर पाव फेरा आणखी. पाना लावून जोर केला तर मशीनकडचे प्लास्टिकचे आटे जातात आणि चार रुपयांच्या रबरापायी व्हॉल्व्हचा खर्च अंगावर येतो.

साध्या नळाला चार स्क्रूंचं तोंड बसवतात, तिथेही मर्म रबरातच आहे. स्क्रू सैल करून ते तोंड वर इतकं दाबायचं, की आतलं रबर नळाच्या कडेला सगळीकडून टेकेल. मग समोरासमोरचे स्क्रू थोडे थोडे आवळत जायचं. एकच आधी पूर्ण आवळला तर तोंड तिरकं बसतं. नळाची कड खडबडीत किंवा झिजलेली असेल, तर कितीही आवळून उपयोग नाही; अशा ठिकाणी आट्यांचा, वॉशिंग मशीनसाठीचा नळ बसवून घेणंच स्वस्त पडतं.

गळती तपासताना मशीन भरत असताना पाहून समाधान मानू नये. पाणी वाहत असतं तेव्हा पाइपात दाब कमी असतो. व्हॉल्व्ह मिटला की टाकीचा सगळा दाब जोडांवर येतो आणि थेंब तेव्हा फुटतो. म्हणून मशीन बंद ठेवून नळ पूर्ण उघडावा, दहा मिनिटांनी दोन्ही टोकांभोवती वर्तमानपत्राचा कोरडा तुकडा फिरवावा. धुणं झाल्यावर नळ बंद करण्याची सवय लावून घ्यावी, आणि नवा वायसर आणायला हार्डवेअरच्या दुकानात जाताना जुना खिशात टाकून न्यावा.