घरचा माइनक्राफ्ट सर्व्हर: किती खेळाडू, किती उष्णता?

माइनक्राफ्टचं एक जग आपल्या घरीच चालवायचं, त्यात मुलं आणि त्यांचे मित्र हवं तेव्हा येऊन बांधकाम करतील, अशी इच्छा असेल तर मोठा संगणक लागतोच असं नाही. रास्पबेरी पाय ५ हा तळहातावर मावणारा बोर्ड ते काम करतो. प्रश्न फक्त एवढाच, की एका वेळी किती जणांना आत घ्यायचं.

बहुतेक जण या प्रश्नाचं उत्तर रॅममध्ये शोधतात. आठ जीबीच्या बोर्डवर सर्व्हरला चार जीबी दिली की मेमरीचा प्रश्न लहान गटापुरता मिटतो. खरी मर्यादा वेळेची आहे. माइनक्राफ्टचं जग सेकंदाला २० वेळा पुढे सरकतं. या प्रत्येक पावलाला टिक म्हणतात, आणि एका टिकसाठी सर्व्हरच्या हाती ५० मिलिसेकंद असतात. तेवढ्यात झोंबी हलवायचे, पीक वाढवायचं, पाणी वाहतं ठेवायचं. प्रोसेसरला चार कोर असले तरी यातला मोठा भाग एकाच कोरवर चालतो, त्यामुळे उरलेले तीन फारसे मदतीला येत नाहीत.

त्यात खेळाडू किती आहेत यापेक्षा ते किती पांगले आहेत, याला महत्त्व जास्त. जग १६ बाय १६ ठोकळ्यांच्या तुकड्यांत, म्हणजे चंकमध्ये, विभागलेलं असतं. view-distance ही सेटिंग मुळात १० असते. याचा अर्थ खेळाडूच्या चारही बाजूंना दहा-दहा चंक, म्हणजे २१ गुणिले २१, एकूण ४४१ चंक सांभाळायचे. चार मित्र चार दिशांना गेले की १७६४. तोच आकडा ६ केला तर माणशी १६९ आणि चौघांचे ६७६. चौघं एकाच किल्ल्याच्या बांधकामावर असतील, तर जेमतेम एकाच्या वाट्याइतके चंक पुरतात. म्हणून server.properties या फाइलमध्ये मी हे बदल सुचवेन:

```
view-distance=6
simulation-distance=5
max-players=6
```

सर्वांत जड काम मात्र नवा प्रदेश तयार करण्याचं. कुणी कधीच न पाहिलेल्या भागाकडे धावत सुटला की डोंगर, गुहा, झाडं त्याच क्षणी घडवावी लागतात. त्यावर चांगला उपाय आहे. मूळ सर्व्हरऐवजी पेपर हा सर्व्हर वापरावा, त्यावर चंकी हे प्लगइन बसवावं आणि ठरावीक त्रिज्येपर्यंतचं जग रात्रीतून आधीच घडवून ठेवावं. त्या हद्दीवर वर्ल्ड बॉर्डर लावली की पुढचा त्रास टळतो. जग एसडी कार्डाऐवजी एसएसडीवर ठेवावं. सतत लिहिलं जाण्यानं कार्ड लवकर झिजतं.

आता उष्णता. पाय ५ चा प्रोसेसर २.४ गिगाहर्ट्झवर चालतो. चिपचं तापमान ८० अंशांवर गेलं की तो स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करायला लागतो. समजा तुमची टिक एरवी ४० मिलिसेकंदांत संपते आहे. वेग १.५ वर उतरला, तर तेच काम ६४ मिलिसेकंद घेईल आणि २० ऐवजी जेमतेम १५ टिक होतील. खेळणाऱ्याला हे लगेच जाणवतं: फोडलेला ठोकळा परत जागेवर येतो, प्राणी अडखळत चालतात. सर्व्हरच्या लॉगमध्ये `Can't keep up!` अशी ओळ उमटते. पेपरवर `/mspt` लिहिलं की सरासरी टिक किती मिलिसेकंदांची, ते दिसतं. ते ५० च्या बरंच खाली असायला हवं.

चिप खोलीतल्या हवेपेक्षा ठरावीक अंशांनीच तापते, हे इथे लक्षात घ्यावं लागतं. २५ अंशांच्या खोलीत ७० वर राहणारी चिप नागपूरच्या मे महिन्यात, ३८ अंशांच्या खोलीत, ८३ वर जाईल. म्हणजे हिवाळ्यात सुरळीत चाललेला सर्व्हर उन्हाळ्यात अडखळू शकतो. साध्या हीटसिंकवर विसंबू नका. पाय ५ साठी मिळणारा अ‍ॅक्टिव्ह कूलर, म्हणजे पंखा जोडलेला हीटसिंक, बसवा आणि बोर्ड बंद डब्यात किंवा राउटरच्या गरम पाठीवर ठेवू नका. मग हे दोन आदेश द्या:

```
vcgencmd measure_temp
vcgencmd get_throttled
```

दुसऱ्याचं उत्तर `0x0` आलं तर सारं ठीक. `0x50000` आलं, तर मागे कधीतरी वीज कमी पडली होती आणि वेगही घटला होता. तेव्हा पंख्याआधी अडॅप्टर तपासा. मोबाइलचा चार्जर इथे चालत नाही, ५ व्होल्ट ५ अँपिअरचा हवा.

एवढं केल्यावर पाय ५ वर पांगलेले पाच-सहा मित्र निर्धास्त खेळतात, एकाच गावात वसले तर आठ-दहा. जुन्या पाय ४ वर तीन-चार जणांतच समाधान मानावं. शाळेचा अख्खा वर्ग आणायचा असेल तर भाड्याचा सर्व्हर घ्या. आणि तापमानाची चाचणी डिसेंबरच्या रात्री न करता मेमधल्या दुपारी, सगळे खेळाडू आत असताना करा.