अपघाताचा अहवाल प्रेसपर्यंत

भोसरी, चाकण किंवा वाळूजच्या एखाद्या प्रेस शॉपमध्ये कुणाचं बोट गेलं की दोन-चार दिवसांत एक इंग्रजी अहवाल तयार होतो. तो लिहिलेला असतो ज्यांच्यासाठी माल बनतो त्या मोठ्या कंपनीच्या ऑडिटरसाठी, कारखाना निरीक्षकासाठी, विम्यासाठी. त्याच प्रेसवर दुसऱ्या दिवशी उभ्या राहणाऱ्या माणसापर्यंत त्यातलं एवढंच पोचतं, की "त्याचं लक्ष नव्हतं".

1948 च्या कारखाने अधिनियमात कलम 108 होतं. कारखान्यात लावायच्या सूचना इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत असाव्यात, असं त्यात म्हटलं होतं. पण ते सूचनांपुरतं. अपघाताच्या अहवालाचं मराठी करणं बहुधा सेफ्टी ऑफिसरच्या किंवा पर्सोनेलमधल्या एखाद्या क्लार्कच्या गळ्यात पडतं, आणि तो बिचारा वाक्याला वाक्य लावून मोकळा होतो.

असे अहवाल साधारण कसे असतात, त्यावरून एक नमुना करून बघू. शब्दशः मराठी केलं तर तो असा दिसेल: "दुसऱ्या पाळीत 63 टनी प्रेसवर अडकलेला सुटा भाग काढला जात असताना संबंधित व्यक्तीच्या डाव्या तर्जनीस चिरडल्याची इजा झाली. मूळ कारण: प्रमाणित कार्यपद्धतीचे पालन न होणे. उपाययोजना: ऑपरेटरना जागरूक करण्यात यावे. यंत्र पृथक करून ते स्थिर झाल्यानंतरच सुरक्षा ठोकळा बसवला जाईल याची खात्री करावी. क्लचची वेळोवेळी तपासणी व्हावी."

व्याकरण ठीक आहे. पण यातून कुणी काय करायचं? भाग कोण काढत होता, कशानं? क्लच कोण तपासणार, आणि वेळोवेळी म्हणजे कधी? इंग्रजी अहवालात कर्ता गाळलेला चालतो, किंबहुना कुणाचं नाव येऊ नये म्हणून तो मुद्दाम गाळतात. मराठीत तो भरायचा तर कागद घेऊन प्रेसपाशी जावं लागतं. माझ्या मते या कामातला निम्मा वेळ तिथंच जायला हवा.

तिथं काय विचारायचं, हे कळायला यंत्र थोडं समजून घेऊ. जुन्या मेकॅनिकल प्रेसवर एक जड फ्लायव्हील सतत फिरत असतं. पायाखालचं पेडल दाबलं की क्लचमधली चावी फ्लायव्हीलमध्ये अडकते, रॅम खाली येतो, वर जातो, आणि चावी सुटते. या जातीच्या क्लचची खोड अशी, की एकदा चावी अडकली की स्ट्रोक पुरा झाल्याशिवाय रॅम थांबत नाही, मधे काहीही करा. चावी झिजली, तिची स्प्रिंग थकली किंवा ब्रेक सैल झाला, तर पेडलवरून पाय काढल्यावरही रॅम पुन्हा एकदा खाली येतो. शॉपमध्ये याला "डबल मारणं" म्हणतात. शिवाय मोटर बंद केली तरी फ्लायव्हील बराच वेळ फिरत राहतं, आणि त्यात एक स्ट्रोक मारण्याइतकी ताकद सहज असते.

आता विचारायचे प्रश्न सुचतात. प्रेस त्या आठवड्यात कधी डबल मारत होती का? मारत असेल तर कुणाला सांगितलं होतं? पीस काढायचा चिमटा जागेवर होता का? डायपुढची जाळी का काढली होती? आपल्या नमुन्यापुरतं समजू, की उत्तरं अशी मिळाली: प्रेस दोन दिवस मधूनच डबल मारत होती, सेटरला ठाऊक होतं, चिमटा हरवला होता, आणि पीस वारंवार अडकत असल्यानं जाळी काढून ठेवली होती. कार्यपद्धती पाळली नाही, हे अहवालातलं कारण खोटं नाही. पण त्यावरून उद्या प्रेसवर बसणाऱ्याला काही करता येणार नाही. अशा वेळी मराठी करणाऱ्यानं अहवाल लिहिणाऱ्याकडे परत जाऊन तोच दुरुस्त करून घ्यावा. गुपचूप मराठीतच भर घातली तर एका अपघाताच्या दोन हकिकती तयार होतात, आणि पुढच्या चौकशीत त्या एकमेकींच्या विरुद्ध उभ्या राहतात.

मग प्रेसवर लावायचा कागद असा उतरतो:

"या प्रेसवर डाव्या हाताचं बोट चिरडलं. पीस डायमध्ये अडकला होता. चिमटा नव्हता, जाळी काढलेली होती, म्हणून हात आत गेला. पेडलवर पाय नसताना प्रेसनं डबल मारलं.

प्रेस एकदा जरी डबल मारली, तरी लगेच मोटर बंद करा आणि सुपरवायझरला सांगा. मेंटेनन्सनं क्लच आणि ब्रेक तपासून कार्डावर सही केल्याशिवाय प्रेस चालू करायची नाही.

पीस अडकला तर: आधी मोटर बंद करा. मेन स्विचला कुलूप लावून किल्ली स्वतःच्या खिशात ठेवा. फ्लायव्हील पूर्ण थांबेपर्यंत थांबा. मग ठोकळा लावा. मग चिमट्यानं पीस काढा.

जाळी किंवा चिमटा नसेल तर काम सुरू करू नका."

जखमी माणसाचं नाव यात नाही, ते लागतही नाही. डाय, पेडल, ठोकळा हे शॉपमधलेच शब्द आहेत. प्रेसला तिथं कुणी "दाबयंत्र" म्हणत नाही. पॅनेलच्या बटणांवर रोमन अक्षरांत जे छापलं असेल ते कागदावरही तसंच ठेवावं, कारण माणूस ते वाचण्याआधी त्याच्या आकारावरून ओळखतो.

पीस काढण्याचा क्रम नीट बघा. इंग्रजीत "अमुक झाल्यानंतर तमुक करा" ही गोष्ट उलटी लिहिता येते. ठोकळा आधी, त्याची अट मागून. घाईत भाषांतर करताना तोच क्रम राहिला, तर कामगार फ्लायव्हील फिरत असतानाच ठोकळा लावायला जाईल. ठोकळा रॅमचं वजन तोलायला असतो. फ्लायव्हीलच्या ताकदीनं स्ट्रोक बसला तर तो फुटू किंवा उडू शकतो. म्हणून हात ज्या क्रमानं हलतील त्याच क्रमानं वाक्यं यायला हवीत.

"कार्डावर सही केल्याशिवाय चालू करायची नाही" हे वाक्य मालकाची किंवा प्लँट हेडची संमती असेल तरच लिहावं. प्रॉडक्शनचा आकडा गाठण्यासाठी सुपरवायझरच "चालव रे" म्हणणार असेल, तर तो कागद कामगाराला दोन्हीकडून अडकवतो. उद्या बोट गेलं की पुन्हा "सूचना पाळली नाही" असं लिहायला सगळे मोकळे.

अहवालातला उपाय त्या यंत्रावर चालतो का, हेही पाहायला लागतं. सेन्सरचा पडदा बसवावा, असं वाक्य एका अहवालातून दुसऱ्यात सहज उतरतं. हात आत जाताच असा पडदा यंत्राला थांबायला सांगतो. पण वर सांगितलेल्या चावीच्या क्लचवर मधेच थांबणं जमतच नाही. तिथं हात आत जाऊच शकणार नाही अशी पक्की जाळी हवी. त्या पडद्याच्या भरवशावर कागदात "सेन्सर आहे" असं लिहिलं, तर ऑपरेटर जास्तच बिनधास्त होईल.

कागद तयार झाला की तो समजला का, हे "समजलं का?" विचारून कळत नाही. सगळे "हो साहेब" म्हणतात. मोटर बंद करून, कुलूप लावून प्रेस उभी करावी, एका ऑपरेटरच्या हातात कागद द्यावा आणि सांगावं, की पीस अडकलाय असं समज आणि काय करशील ते करून दाखव. फ्लायव्हील थांबलंय का, हे न बघताच त्याचा हात ठोकळ्याकडे गेला तर ते वाक्य बदलायचं. दुसऱ्या पाळीत नव्यानं आलेला कंत्राटी मुलगा निवडावा, अनुभवी सेटर कागदाकडे न बघताही सगळं बरोबर करेल. तो मुलगा बिहार किंवा ओडिशातून आलेला असेल, तर मराठी कागद त्याच्या कामाचा नाही. हिंदी वेगळा करावा लागेल, आणि तोही प्रेसपाशी असाच तपासून.

कागदावर तारीख टाकावी, आणि क्लचची चावी बदलून जाळी पक्की झाली की तो काढून नवा लावावा. "चिमटा नव्हता, जाळी नव्हती" असं सांगणारा जुना कागद चिमटा आणि जाळी दोन्ही असलेल्या प्रेसवर वर्षभर लटकत राहिला, तर त्याच्या शेजारी लावलेलंही कुणी वाचत नाही.