लेबलवरचं पाणी

सामू ५ चं एक लिटर बफर हवं असेल, तर प्रयोगशाळेत सहसा ॲसिटिक आम्ल आणि त्याचाच क्षार, सोडिअम ॲसिटेट, यांची जोडी घेतात. हे आम्ल म्हणजे व्हिनेगरला आंबटपणा देणारंच. त्याचा पीकेए ४.७६ आहे, म्हणजे आम्ल आणि क्षार यांचे मोल सारखे असले की सामू तेवढ्यावर येऊन थांबतो. आपल्याला ५ हवा, म्हणून क्षाराचं पारडं थोडं जड ठेवायचं.

किती जड? फरक ०.२४ चा. दहाचा ०.२४ वा घात १.७४ येतो, तेव्हा आम्लाच्या एका मोलमागे क्षाराचे १.७४ मोल. लिटरभर द्रावणात दोघांचे मिळून ०.१ मोल ठेवायचे ठरवलं, तर आम्ल ०.०३६५ आणि क्षार ०.०६३५ मोल अशी वाटणी होते. आम्लाचा रेणुभार ६०.०५, म्हणून ते २.१९ ग्रॅम लागेल. ग्लेशिअल आम्ल द्रवरूप असतं. पिपेटने साधारण २.१ मिलिलिटर घेतलं की झालं.

खरा घोळ होतो तो क्षार तोलताना. सोडिअम ॲसिटेट दोन रूपांत मिळतं. निर्जल रूपाचा रेणुभार ८२.०३, तर ज्याच्या प्रत्येक घटकाबरोबर पाण्याचे तीन रेणू असतात त्या ट्रायहायड्रेटचा १३६.०८. पहिल्याचे ५.२१ ग्रॅम लागतात, दुसऱ्याचे ८.६४. दिसायला दोन्ही पांढरेच. हिशेब निर्जलचा केला आणि हाती बाटली ट्रायहायड्रेटची लागली, तर क्षार कमी पडतो आणि सामू ४.७८ वर येतो. पाचाच्या जागी पावणेपाचाच्या आसपास आकडा दिसला, की मीटरला दोष देण्याआधी बाटलीवरचं लेबल वाचावं.

वजनं अचूक घेऊनही मीटर बहुधा पाचाच्या किंचित खालीच थांबतो. द्रावणातले विद्युतभारित आयन एकमेकांवर ओढ ठेवून असतात आणि आपल्या साध्या सूत्रात ती ओढ धरलेलीच नसते. म्हणून सगळं पाणी एकदम ओतायचं नाही. सुमारे ८०० मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाण्यात दोन्ही पदार्थ विरघळवायचे आणि ४ व ७ सामूच्या प्रमाण द्रावणांवर मीटर लावून घ्यायचा. मग सोडिअम हायड्रॉक्साइडचं सौम्य द्रावण थेंबाथेंबाने घालत ५ गाठायचा. घाईत पुढे गेलात, तर पुन्हा आम्ल, पुन्हा अल्कली अशी झटापट करू नका. त्यात बफरची संहती बदलते आणि नको ते क्षारही वाढत जातात. नव्याने करणंच बरं.

असं बनवलेल्या लिटरभर बफरमध्ये हायड्रोक्लोरिक आम्लाचे ०.००५ मोल पडले, तरी सामू ४.९ च्या जवळपास टिकतो. तेवढंच आम्ल साध्या पाण्यात पडलं, तर तो थेट २.३ वर घसरतो.