टक्के नेमके कशावर?

तयार कपड्यांच्या दुकानातला एक कुर्ता घेऊ. दुकानदाराला तो जीएसटी वगळून 1000 रुपयांना पडला आहे. त्यावर 40 टक्के वाढवून त्याने विक्रीची किंमत ठरवली, सणानिमित्त 20 टक्के सूट दिली आणि 5 टक्के जीएसटी लावला. ग्राहकाला किती रुपये द्यावे लागतील? तोंडी हिशेब करणारा बहुधा 40 मधून 20 वजा करतो, 5 मिळवतो आणि 25 टक्के धरून 1250 रुपये सांगतो. खरे उत्तर 1176 रुपये आहे.

चूक होते ती टक्क्यांची सरळ बेरीज-वजाबाकी केल्यामुळे. टक्का म्हणजे कशाच्या तरी शेकड्यामागे इतके, आणि हे ‘कशाच्या तरी’ प्रत्येक पायरीवर बदलत जाते. वरच्या हिशेबात 40 टक्के 1000 रुपयांवर आहेत, म्हणजे 400. सूट मात्र 1400 रुपयांवर आहे, म्हणून ती 200 नव्हे, 280 रुपये होते. उरलेल्या 1120 रुपयांवर 5 टक्के कर, म्हणजे 56 रुपये. तीन टक्केवाऱ्या आणि तीन वेगळ्या मूळ रकमा. त्यांची आपसांत बेरीज होऊ शकत नाही.

हा गुंता सोडवण्याचा सोपा मार्ग म्हणजे प्रत्येक टक्केवारीचा गुणक करणे. 40 टक्के वाढ म्हणजे 1.40 ने गुणणे, 20 टक्के सूट म्हणजे 0.80 ने आणि 5 टक्के कर म्हणजे 1.05 ने. तिन्ही गुणकांचा गुणाकार 1.176 येतो, म्हणजे एकूण वाढ 17.6 टक्के. दुकानाच्या पाटीवरची ‘20 टक्के अधिक 10 टक्के’ सूटही अशीच तपासता येते. दुसरी सूट पहिल्या सुटीनंतरच्या रकमेवर असेल, तर 0.80 गुणिले 0.90 म्हणजे 0.72, म्हणून खरी सूट 30 नव्हे, 28 टक्के.

गुणाकारात संख्यांची अदलाबदल केली तरी उत्तर तेच राहते. म्हणून आधी कर लावून मग सूट दिली तरी ग्राहकाकडून 1176 रुपयेच येतात. मग क्रमाला महत्त्व का? कारण बेरीज तीच आली तरी तिची वाटणी बदलते. कर आधी लावला, तर 1400 वर 70 रुपये कर दिसतो, रक्कम 1470 होते आणि त्यावर 20 टक्के सूट 294 रुपये. दरपत्रकातल्या कराच्या ओळीत 70 रुपये तसेच राहिले, तर 1176 मधून दुकानदाराच्या हाती 1106 रुपये राहतात. सूट आधी वजा केली असती, तर कर 56 रुपये आणि हाती 1120 रुपये राहिले असते. 14 रुपयांचा हा फरक म्हणजे कराच्या 70 रुपयांवर दिलेली 20 टक्के सूट. ती दुकानदाराने स्वतःच्या खिशातून भरली.

जीएसटी कायद्यात या क्रमाचे उत्तर दिलेले आहे. विक्रीच्या वेळी किंवा त्याआधी दिलेली आणि बिलावर नोंदवलेली सूट करपात्र मूल्यातून वगळली जाते; म्हणजे सूट आधी, कर नंतर. विक्रीनंतर दिलेली सूट करपात्र मूल्यातून वजा करायची, तर त्यासाठी वेगळ्या अटी पाळाव्या लागतात. बँकेने ग्राहकाला स्वतःहून दिलेल्या कॅशबॅकमुळे दुकानदाराचे करपात्र मूल्य कमी होत नाही.

करांचे दर टप्प्यांनी ठरलेले असतील, तर मात्र क्रम बदलल्याने अंतिम रक्कमही बदलते. 22 सप्टेंबर 2025 पासून 2500 रुपयांपर्यंतच्या तयार कपड्याच्या नगावर 5 टक्के आणि त्याहून महाग नगावर 18 टक्के जीएसटी आहे. आता त्याच दुकानातला 2000 रुपयांना पडलेला कुर्ता घेऊ, टक्केवाऱ्या त्याच. किंमत 2800 झाली, 20 टक्के सूट जाऊन 2240 उरले. ही रक्कम 2500 च्या आत असल्याने कर 5 टक्के, म्हणजे 112 रुपये, आणि बिल 2352 रुपयांचे. सूट देण्याआधी कर लावणाऱ्या पत्रकात 2800 वर 18 टक्के म्हणजे 504 रुपये कर पडेल; 3304 रुपयांवर 20 टक्के सूट देऊन 2643 रुपये 20 पैसे येतील. एकाच कुर्त्यासाठी 291 रुपये 20 पैसे जास्त. इथे टक्के लावण्याचा क्रम बदलताच दरच बदलला, म्हणून गुणकांची अदलाबदल चालत नाही.

टक्क्यांच्या साखळीत ठरावीक रुपयांची वजाबाकी शिरली की हेच होते. पहिल्या कुर्त्याच्या 1400 रुपयांवर 20 टक्के सूट आणि 100 रुपयांचे कूपन आहे असे समजू. सूट आधी दिली तर 1120 मधून 100 जाऊन 1020 उरतात. कूपन आधी वजा केले तर 1300 वर सूट लागून 1040 उरतात. फरक 20 रुपयांचा, म्हणजे कूपनच्या 100 रुपयांवरचे 20 टक्के.

सर्वांत महाग पडणारा गैरसमज नफ्याबाबत असतो. 40 टक्के चढवून 20 टक्के सोडले, म्हणजे 20 टक्के नफा राहिला, असे वाटते. प्रत्यक्षात 1000 च्या कुर्त्याचे 1120 झाले, म्हणून खरेदी किमतीवर नफा 12 टक्केच, आणि विक्री किमतीवर मोजला तर सुमारे 10.7 टक्के. 20 टक्के सूट देऊनही 1400 रुपये हाती यायला हवे असतील, तर 1400 ला 1.20 ने गुणून चालत नाही. 1680 वर 20 टक्के सूट दिली की 1344 च उरतात. 1400 ला 0.80 ने भागायचे असते. किंमत 1750 ठेवावी लागते.

उलट्या हिशेबाचा हाच नियम कर आत धरलेल्या किमतीलाही लागू पडतो. पाकीटबंद वस्तूवरच्या छापील किमतीत सर्व कर धरलेले असतात. 5 टक्के कर धरून आलेल्या 1176 रुपयांतला कर काढताना 1176 चे 5 टक्के घेतले, तर 58 रुपये 80 पैसे येतात, आणि ते चुकीचे आहे. 1176 म्हणजे 105 भाग, त्यातले 5 भाग कराचे. 1176 ला 105 ने भागून 5 ने गुणले की 56 रुपये मिळतात.

म्हणून दरपत्रकात प्रत्येक टक्केवारीशेजारी ती कशावर लावली हे सांगणारा एक रकाना असावा: मार्कअप खरेदी किमतीवर, सूट विक्रीच्या किमतीवर, कर सुटीनंतरच्या किमतीवर. शेवटी दोन पडताळण्या कराव्यात. करपात्र मूल्य आणि कर यांची बेरीज ग्राहकाने दिलेल्या रकमेइतकी आली पाहिजे, 1120 अधिक 56 म्हणजे 1176. आणि कर हा करपात्र मूल्याचा नेमका ठरलेला टक्का असला पाहिजे. पहिली पडताळणी 1106 आणि 70 च्या चुकीच्या वाटणीतही जुळते. दुसरी मात्र जुळत नाही, कारण 1106 चे 5 टक्के 70 होत नाहीत. क्रम चुकला आहे हे तिथे कळते.