खुर्ची एक, तिकिटं दोन

तिसरी घंटा झालेली असते, दिवे मंद होऊ लागलेले असतात आणि एफ रांगेतल्या १४ नंबरच्या खुर्चीपाशी दोघंजण उभे असतात. दोघांच्या मोबाइलवर तिकीट आहे, दोघांच्या खात्यातून पैसे गेलेत. डोअरकीपर बॅटरी मारून दोन्ही तिकिटं पाहतो. दोन्ही खरी. खुर्ची मात्र एकच.

नाट्यगृहाच्या खिडकीवर कागदी ‘प्लॅन’ असायचा तेव्हा असं घडणं अवघड होतं. एका प्रयोगाचा एकच प्लॅन, त्यावर सगळ्या खुर्च्यांचे चौकोन. बुकिंग क्लार्क विचारायचा, ‘कुठली देऊ?’ आपण बोट ठेवायचं, तो पेन्सिलीने फुली मारायचा आणि तिकीट फाडून द्यायचा. चौकोन रिकामा आहे हे पाहणं आणि त्यावर फुली मारणं या दोन कामांच्या मध्ये तिसरं कुणी येऊच शकत नव्हतं, कारण प्लॅन एक, पेन्सिल एक आणि मागचा माणूस रांगेत. या व्यवस्थेला कुणी कुलूप म्हणत नसे, पण ते कुलूपच होतं.

विक्री मोबाइलवर गेली तेव्हा रांग संपली आणि तिच्याबरोबर हे न दिसणारं कुलूपही गेलं. ते पुन्हा बसवावं लागतं, डेटाबेसमध्ये. ते कसं बसवतात आणि कुठे बसवायचं राहून जातं, ते या एफ-१४ च्या निमित्ताने पाहू.

आठ मिलिसेकंदांची फट

समजा, रविवारच्या दुपारच्या प्रयोगाचं बुकिंग सकाळी दहाला उघडलं. दादरच्या एक काकू आणि डोंबिवलीचा एक तरुण, दोघांनीही एफ-१४ वर बोट ठेवलं. डेटाबेसमध्ये `seats` नावाचा तक्ता आहे आणि त्यात प्रत्येक खुर्चीची एक ओळ. साध्याभोळ्या प्रोग्रामने केलेलं काम असं असतं:

```sql
SELECT status FROM seats
WHERE show_id = 42 AND seat_no = 'F14';

UPDATE seats SET status = 'SOLD'
WHERE show_id = 42 AND seat_no = 'F14';
```

आधी पाहा, रिकामी असेल तर ‘विकली’ असं लिहा. वाचायला अगदी बरोबर. पण आता घड्याळ लावून पाहू. शून्याव्या मिलिसेकंदाला काकूंच्या वतीने प्रोग्रामने पाहिलं: रिकामी. आठव्याला तरुणाच्या वतीने पाहिलं: रिकामीच, कारण काकूंची फुली अजून पडलेली नाही. विसाव्याला काकूंची फुली पडली आणि त्यांचं तिकीट निघालं. अठ्ठाविसाव्याला तरुणाची फुली पडली, त्याच चौकोनावर, आणि त्याचंही तिकीट निघालं.

यातली गोम अशी की `seats` तक्ता नंतर उघडून पाहिला तर तिथे काहीच वावगं दिसत नाही. एफ-१४ विकली गेली आहे, एवढंच तो सांगतो. फुलीवर फुली मारली तरी दिसते एकच. गडबड सापडते ती तिकिटांच्या तक्त्यात, एकाच खुर्चीची दोन तिकिटं आहेत का असं मुद्दाम विचारल्यावर:

```sql
SELECT show_id, seat_no, COUNT(*) FROM tickets
GROUP BY show_id, seat_no
HAVING COUNT(*) > 1;
```

या प्रश्नाला एकही ओळ उत्तरादाखल येता कामा नये. हा दोष चाचणीत सहसा सापडत नाही, कारण चाचणी करणारा एकटाच बसून एकामागून एक तिकिटं काढत असतो. तो उघडा पडतो गाजलेल्या नाटकाचा प्लॅन उघडतो त्या पहिल्या मिनिटाला, जेव्हा शेकडो बोटं पुढच्या रांगांतल्या मधल्या खुर्च्यांवरच पडतात.

ट्रान्झॅक्शन आहे, तरीही?

‘मग ट्रान्झॅक्शन वापरा की,’ असं यावर लगेच सुचवलं जातं. ट्रान्झॅक्शन म्हणजे अनेक कामांची एक मोट. `BEGIN` म्हटलं की ती बांधायला सुरुवात, `COMMIT` म्हटलं की सगळं एकदम पक्कं. मध्येच काही बिनसलं तर `ROLLBACK`, म्हणजे काही झालंच नव्हतं. खुर्चीवर फुली पडली पण तिकीट निघालं नाही, अशी अर्धवट अवस्था त्यामुळे राहत नाही.

पण आपली अडचण अर्धवटपणाची नाहीच. काकूंची मोट पूर्ण झाली आणि तरुणाचीही पूर्ण झाली, हेच तर दुखणं आहे. पोस्टग्रेसक्यूएलमध्ये तुम्ही वेगळं काही सांगितलं नाही, तर साधं `SELECT` दुसऱ्या कुणाला अडवत नाही. त्या क्षणापर्यंत पक्कं झालेलं जे असेल ते दाखवतं आणि मोकळं होतं. म्हणून वरच्या दोन वाक्यांभोवती नुसतं `BEGIN` आणि `COMMIT` गुंडाळलं, तरी आठ मिलिसेकंदांची फट तशीच राहते.

फट बुजते ती पाहतानाच ओळ हातात धरल्याने:

```sql
BEGIN;
SELECT status FROM seats
WHERE show_id = 42 AND seat_no = 'F14'
FOR UPDATE;
```

`FOR UPDATE` या दोन शब्दांचा अर्थ, ‘मी ही ओळ बदलण्याच्या इराद्याने पाहतोय, माझं होईपर्यंत थांबा.’ आता तेच घड्याळ पुन्हा लावू. काकूंच्या ट्रान्झॅक्शनने ओळ धरली. आठव्या मिलिसेकंदाला तरुणाचं ट्रान्झॅक्शन त्याच ओळीपाशी आलं आणि तिथेच थांबलं. त्याला ‘रिकामी’ हे उत्तर मिळालंच नाही. विसाव्याला काकूंची फुली पडली, `COMMIT` झालं, ओळ सुटली. आता तरुणाला उत्तर मिळतं ते बदललेल्या ओळीचं: विकली. समजा काकूंचं नेटवर्क मध्येच गेलं आणि सर्व्हरने त्यांचं काम रद्द केलं, तर `ROLLBACK` होऊन ओळ आपोआप सुटते आणि तरुणाला खुर्ची रिकामी मिळते.

अडते ती फक्त एफ-१४. शेजारची एफ-१५ त्याच वेळी तिसरा कुणी घेऊ शकतो. सबंध प्लॅनला कुलूप लावायचं की एकेका चौकोनाला, हा प्रश्न जुना आहे. आयबीएममधल्या जिम ग्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ च्या एका निबंधात कुलपाचा आकार केवढा असावा याचीच चिकित्सा केली होती. मोठं कुलूप सांभाळायला सोपं, पण रांग वाढवतं. लहान कुलपांनी रांग तुटते, पण कुलपंच फार होतात. ग्रे यांना पुढे १९९८ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. तिकीटविक्रीत एका खुर्चीला एक कुलूप हे माप सहसा नेमकं बसतं.

एक दक्षता मात्र हवी. खिडकीवरच्या क्लार्कसाठी वेगळा प्रोग्राम असेल आणि तो न पाहताच थेट `UPDATE` करत असेल, तर तोही कुलपापाशी थांबेल, पण कुलूप सुटताच काकूंच्या फुलीवर आपली फुली मारेल. म्हणून विक्रीचा रस्ता कुठलाही असो, ओळ धरल्यानंतर ती रिकामी आहे का हे पाहूनच पुढे जायचं.

एकमेकांची वाट पाहणारे

कुटुंब दोघांचं असलं की दोन ओळी धराव्या लागतात. काकूंनी आधी एफ-१४ आणि मग एफ-१५ निवडली. तरुणाने आधी एफ-१५ आणि मग एफ-१४. प्रत्येकाने पहिली ओळ धरली आणि दुसरीसाठी समोरच्याची वाट पाहू लागला. दोघंही हातातलं सोडायला तयार नाहीत. याला डेडलॉक म्हणतात. पोस्टग्रेसक्यूएल एरवीच्या मांडणीत एक सेकंद वाट पाहून असा फास पडलाय का ते तपासतं आणि पडला असेल तर एकाचं ट्रान्झॅक्शन रद्द करून दुसऱ्याला वाट करून देतं. उपाय साधा आहे. ग्राहकाने कुठल्याही क्रमाने बोट ठेवलेलं असो, प्रोग्रामने ओळी नेहमी नंबराच्या चढत्या क्रमानेच धरायच्या. मग दोघंही आधी एफ-१४ पाशीच येतात, एक थांबतो आणि फास पडत नाही.

पैसे येईपर्यंत काय?

सगळ्यात महागात पडणारी चूक मात्र वेगळीच असते. ओळ धरली आणि ती तशीच धरून ग्राहकाला पैसे भरायला पाठवलं. आता काकू चष्मा शोधणार, ओटीपीची वाट पाहणार, मध्येच दाराची बेल वाजणार. तेवढा वेळ ओळ अडकलेली, डेटाबेसचं एक कनेक्शन अडकलेलं आणि मागे रांग. अशी पाच-पन्नास माणसं झाली की सगळी विक्रीच थबकते.

म्हणून खुर्ची दोन टप्प्यांत विकतात. पहिल्या ट्रान्झॅक्शनमध्ये ओळ धरायची, रिकामी असेल तर ‘राखीव, काकूंसाठी, १०:०८ पर्यंत’ असं लिहायचं आणि ताबडतोब `COMMIT`. कुलूप काही मिलिसेकंदांत सुटतं. पुढची आठ मिनिटं खुर्ची राखली जाते ती त्या लेखी नोंदीमुळे. बुकिंग करताना स्क्रीनवर उलटं पळणारं घड्याळ दिसतं ते हेच. पैसे आल्याचा निरोप आला की दुसरं छोटं ट्रान्झॅक्शन: पुन्हा ओळ धरायची, खुर्ची अजून काकूंच्याच नावावर राखीव आहे ना हे पाहायचं, मग ‘विकली’ लिहायचं आणि तिकीट काढायचं.

बँकेचा निरोप १०:०९ ला आला आणि खुर्ची दरम्यान तरुणाला गेली असेल तर? तर काकूंचे पैसे परत करावे लागतात. बँकेचा व्यवहार आपल्या डेटाबेसच्या मोटेत बांधता येत नाही, त्यामुळे ही एक फट कुठल्याही कुलपाने बुजत नाही. पण ती पैसे परत करण्यावर भागते, खुर्चीपाशी भांडण होत नाही.

जी ओळच नाही, तिला कुलूप कसं?

नाट्यगृहात प्रत्येक खुर्चीची ओळ आधीपासून तयार असते. मंगल कार्यालयाचं तसं नसतं. तिथे बुकिंग झालं की ओळ तयार होते. मोकळ्या तारखेची ओळच नसते. दोन घरांना एकाच मुहूर्ताची संध्याकाळ हवी असेल, तर दोघांचंही `FOR UPDATE` रिकाम्या हाती परतेल, काहीच धरलं जाणार नाही आणि दोन बुकिंगं लिहिली जातील. इथे कार्यालयाच्या नावाची एक ओळ ठेवून आधी तीच धरायची, नाहीतर डेटाबेसलाच नियम घालून द्यायचा. तसा नियम आपल्या तिकिटांनाही घालावाच:

```sql
ALTER TABLE tickets
ADD UNIQUE (show_id, seat_no);
```

एका प्रयोगात एका खुर्चीचं दुसरं तिकीट लिहू पाहणाऱ्याला आता डेटाबेस स्वतःच परतवतो, मग प्रोग्राम लिहिणारा कुलूप लावायला विसरलेला का असेना. तिकीट रद्द झालं तर त्याची ओळ या तक्त्यातून हलवायची, एवढं लक्षात ठेवायचं.

एवढं सगळं करूनही खुर्ची एकालाच मिळणार, दुसऱ्याला नकारच. फरक पडतो तो नकार कधी मिळतो यात. डोंबिवलीच्या तरुणाला तो आता अंधारात, बॅटरीच्या उजेडात मिळत नाही. पैसे भरण्याआधी, बोट ठेवल्या ठेवल्या मिळतो, खिडकीवरचा क्लार्क द्यायचा तसा: ‘ती आत्ताच गेली हो, शेजारची देऊ?’