रिकाम्या जागेतला भविष्यकाळ

'लुक ॲट दोज क्लाउड्स! इट ____ रेन.' इंग्रजीच्या प्रश्नपत्रिकेत ही रिकामी जागा आली की बरेच विद्यार्थी 'विल' लिहून पुढे सरकतात. पाऊस अजून पडायचा आहे, म्हणजे भविष्यकाळ. आणि भविष्यकाळ म्हणजे 'विल', असा हिशोब त्यामागे असतो. पण इथे अपेक्षित उत्तर आहे 'इज गोइंग टू'. घटना पुढे घडणार आहे एवढ्यावर ही जागा भरता येत नाही. बोलणारा कशाच्या आधारावर बोलतो आहे, हे आधी पाहावं लागतं. इथे आधार आहेत ते समोरचे ढग.

'विल'ची सवय जुन्या तक्त्याने लावली आहे. 'आय' आणि 'वी' असेल तर 'शॅल', बाकी सगळ्यांना 'विल', हा नियम जॉन वॉलिस या इंग्रज पंडिताने 1653 साली आपल्या लॅटिनमध्ये लिहिलेल्या इंग्रजी व्याकरणात मांडला आणि पुढे तो पिढ्यान्‌पिढ्या शाळांतून घोटला गेला. या नियमात प्रश्न एकच असतो : कर्ता कोण? आजच्या प्रश्नपत्रिकांचा प्रश्न मात्र वेगळा आहे : हे वाक्य कोणत्या परिस्थितीत बोललं जातंय? 'आय विल' आता सर्रास बरोबर धरलं जातं. कर्ता पाहून उत्तर ठरवणारा विद्यार्थी म्हणूनच चुकतो.

मुळात इंग्रजी क्रियापदाला भविष्यकाळाचा स्वतःचा प्रत्ययच नाही. भूतकाळासाठी 'वॉक'चं 'वॉक्ड' होतं, भविष्यासाठी असं काही होत नाही. मग इंग्रजीने इतर रूपांकडून काम करून घेतलं आणि प्रत्येक रूपाच्या वाट्याला वेगळी छटा आली. मराठीत प्रत्यय आहे, आणि छटाही आहेत. 'मी जाईन', 'मी जाणार आहे', 'मी उद्या जातोय' आणि 'तोवर मी गेलेला असेन' ही चार वाक्यं आपण एकाच अर्थाने वापरत नाही. ही जाण इंग्रजीची रिकामी जागा भरताना कामी येते. काही ठिकाणी मात्र मराठीच आपल्याला चकवते, आणि गुण बहुतेक तिथेच जातात.

एक छोटा संवाद सोडवून पाहू. कंसातल्या क्रियापदाचं योग्य रूप भरायचं आहे.

नेहा : व्हॉट आर यू डूइंग धिस ईव्हनिंग?
अमित : आय (१) ____ (मीट) रवी ॲट सिक्स. वी बुक्ड द टिकेट्स यस्टर्डे.
नेहा : बट लुक ॲट दोज क्लाउड्स! इट (२) ____ (रेन).
अमित : ओह, आय डिडन्ट नोटिस. आय (३) ____ (टेक) ॲन अंब्रेला.
नेहा : द ट्रॅफिक इज टेरिबल. बाय द टाइम यू (४) ____ (गेट) देअर, द फिल्म (५) ____ (स्टार्ट).

पहिल्या जागेचा पुरावा तिच्या आजूबाजूला आहे. वेळ ठरली आहे, सोबती ठरला आहे आणि तिकिटं काल काढून झाली आहेत. दुसऱ्या माणसाशी पक्कं झालेलं असं काही असेल, तर इंग्रजी चालू वर्तमानकाळ वापरते : 'आय ॲम मीटिंग'. मराठीतही आपण म्हणतो, 'सहाला रवीला भेटतोय.' नेहाचा प्रश्नही त्याच रूपात आहे, हा आणखी एक इशारा. या रूपाला एक मर्यादा आहे. जे माणसाला ठरवता येत नाही, त्याला ते चालत नाही. पावसाची वेळ कुणी ठरवत नाही, म्हणून 'इट इज रेनिंग टुमॉरो' हे वाक्य चूक ठरतं.

दुसऱ्या जागेचं उत्तर 'इज गोइंग टू रेन'. 'लुक', 'वॉच आउट' असे शब्द किंवा डोळ्यांसमोरचं लक्षण दिसलं की हे रूप घ्यावं. मराठीत त्याच्या जवळचं रूप 'पडणार आहे' किंवा 'पडणार'. याच रूपाचा दुसरा उपयोग आधीच मनात धरलेल्या बेतासाठी होतो. हातात ब्रश आणि रंगाचा डबा घेतलेल्या माणसाला कुणी कारण विचारलं, तर तो म्हणेल, 'आय ॲम गोइंग टू पेंट द डोअर.' विचारण्याआधीच त्याचं ठरलेलं होतं.

तिसरी जागा मराठी माणसासाठी सर्वांत फसवी. 'ओह, आय डिडन्ट नोटिस' या वाक्याने सांगितलं आहे की अमितच्या डोक्यात छत्री आत्ताच आली. बोलता बोलता घेतलेला निर्णय, देऊ केलेली मदत किंवा दिलेलं वचन असेल तर 'विल' : 'आय विल टेक ॲन अंब्रेला.' पण अशा वेळी आपण मराठीत काय म्हणतो? 'छत्री घेतो.' फोन वाजला की म्हणतो, 'थांब, मी घेतो.' कुणाच्या हातात जड पिशवी दिसली की म्हणतो, 'द्या, मी धरते.' मराठी इथे साधा वर्तमानकाळ वापरते आणि त्याची नक्कल इंग्रजीत उतरते : 'आय टेक ॲन अंब्रेला.' त्याचा अर्थ 'मी नेहमी छत्री घेतो' असा होऊ लागतो. हाक मारल्यावर आपण म्हणतो तो 'आलोच' तर सरळ भूतकाळात असतो. म्हणून मराठीतला 'घेतो', 'करते', 'देतो' हा त्या क्षणीचा होकार असेल, तर इंग्रजीत 'विल' हवं, हे पक्कं लक्षात ठेवावं. 'आय थिंक' किंवा 'प्रॉबॅब्ली' या शब्दांसोबतचा अंदाजही बहुधा 'विल'नेच येतो. तिथे मराठीतलं 'येईल', 'होईल' बरोबर जुळतं.

चौथी आणि पाचवी जागा ही जोडी आहे. 'बाय द टाइम यू विल गेट देअर' असं लिहिणारे पुष्कळ असतात, कारण पोहोचणंही पुढेच घडणार आहे. पण 'बाय द टाइम', 'व्हेन', 'बिफोर', 'आफ्टर', 'ॲज सून ॲज' यांनी सुरू होणाऱ्या, वेळ सांगणाऱ्या उपवाक्यात इंग्रजी 'विल' घेत नाही. तिथे साधा वर्तमानकाळ येतो : 'बाय द टाइम यू गेट देअर'. मराठीत याला छान आधार आहे. 'तू पोहोचेपर्यंत' किंवा 'तू पोहोचलास की' म्हणताना आपणही भविष्यकाळाचं रूप वापरत नाही. घोटाळा होतो तो मनात 'तू पोहोचशील तेव्हा' अशी रचना केल्यामुळे. ती मराठीत चालते, पण तिच्यामागून 'विल' इंग्रजीत शिरतं. वाक्य मनात 'पोहोचेपर्यंत' किंवा 'पोहोचलास की' असं करून पाहिलं की ही चूक टळते.

मुख्य वाक्यात पूर्ण भविष्यकाळ येतो : 'द फिल्म विल हॅव स्टार्टेड', म्हणजे तोवर चित्रपट सुरू झालेला असेल. आधी 'विल', मग 'हॅव', मग क्रियापदाचं तिसरं रूप. इथे दोन चुका वारंवार दिसतात. कर्ता 'ही' किंवा 'शी' पाहून 'विल हॅज' लिहिलं जातं, पण 'विल'नंतर नेहमी 'हॅव'च येतं. दुसरी चूक तिसऱ्या रूपाऐवजी दुसरं रूप लिहिण्याची, म्हणजे 'विल हॅव गॉन'ऐवजी 'विल हॅव वेन्ट'.

पण 'बाय द टाइम' दिसलं की डोळे मिटून पूर्ण भविष्यकाळ लिहिणंही बरोबर नाही. आधी शेजारचं क्रियापद पाहावं. 'बाय द टाइम वी गॉट देअर' असं असेल तर गोष्ट होऊन गेलेली आहे, मग उत्तर 'हॅड स्टार्टेड'. आणि पुढे एखादी क्रिया पूर्ण होण्याऐवजी केवळ स्थिती सांगायची असेल, तर साधं 'विल' पुरतं : 'बाय द टाइम यू गेट धिस लेटर, आय विल बी इन दिल्ली.' पत्र हाती पडेल तेव्हा मी दिल्लीत असेन, एवढंच म्हणायचं आहे.

आपल्या 'पर्यंत'चाही एक पेच आहे. 'पाचपर्यंत काम झालेलं असेल' आणि 'पाचपर्यंत मी थांबेन' या दोन्हींत आपण एकच 'पर्यंत' वापरतो. इंग्रजीत पहिल्याला 'बाय' आणि दुसऱ्याला 'अंटिल' लागतं. ओळखायचं कसं? वाक्यात 'पर्यंत'च्या जागी 'च्या आधीच' घालून पाहावं. 'पाचच्या आधीच काम झालेलं असेल' हे अर्थाला धरून राहतं, म्हणून तिथे 'बाय' आणि पूर्ण भविष्यकाळ. 'पाचच्या आधीच मी थांबेन' म्हटलं तर अर्थ बिघडतो, कारण थांबणं पाच वाजेपर्यंत चालू राहायचं आहे. तिथे 'आय विल वेट अंटिल फाइव्ह'.

या चाचण्यांनाही सीमा आहे. मराठीतलं 'जाणार आहे' हे मनातला बेत आणि ठरून गेलेला कार्यक्रम, दोन्हींना चालतं. इंग्रजीतही 'आय ॲम गोइंग टू मीट रवी' हे चूक नाही. फक्त तिकिटं, वेळ आणि सोबती हातात असताना 'आय ॲम मीटिंग' अधिक नेमकं बसतं. 'आय ____ (व्हिजिट) माय आंट टुमॉरो' एवढाच प्रश्न दिला, तर 'ॲम व्हिजिटिंग' आणि 'ॲम गोइंग टू व्हिजिट' ही दोन्ही उत्तरं निर्विवाद बरोबर आहेत, आणि योग्य प्रसंगी 'विल व्हिजिट'ही बसेल. रेमंड मर्फी यांच्या 1985 साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या 'इंग्लिश ग्रामर इन यूज'मध्ये 'विल' आणि 'गोइंग टू' यांची तुलना करणारा स्वतंत्र पाठ आहे. तिथेही भेद उलगडला जातो तो छोट्या प्रसंगांतून. प्रसंगाशिवाय हा भेद दाखवताच येत नाही.

म्हणून प्रश्न काढणाऱ्या शिक्षकांना विनंती आहे. रिकाम्या जागेच्या आधी किंवा नंतर एक वाक्य असं ठेवा की त्यावरून उत्तर ठरेल : तिकिटं काढली आहेत, ढग आले आहेत, किंवा हे मला आत्ताच कळतंय. तसं वाक्य नसेल, तर दोन्ही उत्तरांना गुण द्या. आणि सोडवणाऱ्यांनी पेन टेकवण्याआधी पूर्ण संवाद वाचावा, ज्या शब्दांवरून उत्तर ठरतं त्यांखाली रेघ मारावी आणि मगच जागा भरावी. 'टुमॉरो' या एका शब्दावरून यांतलं कोणतंच रूप ठरत नाही.