स्टिकी क्लायंट

स्टिकी क्लायंट (चिकट ग्राहक उपकरण) म्हणजे वाय-फाय जाळ्यातील असे उपकरण, जे जवळ अधिक सशक्त अ‍ॅक्सेस पॉइंट उपलब्ध असतानाही आधी जोडलेल्या दूरच्या अ‍ॅक्सेस पॉइंटला धरून राहते. मोठ्या कार्यालयात लॅपटॉप किंवा मोबाइल फोन घेऊन फिरणाऱ्या व्यक्तींच्या बाबतीत ही स्थिती विशेषतः आढळते. बैठकीच्या खोलीत, डोक्यावरच अ‍ॅक्सेस पॉइंट असूनही संभाषण तुटक होणे, हे तिचे नेहमीचे लक्षण होय.

## पार्श्वभूमी

मोठ्या कार्यालयात एकाच नावाचे वाय-फाय जाळे अनेक अ‍ॅक्सेस पॉइंट मिळून पुरवतात. वापरणाऱ्याला नाव एकच दिसते. परंतु प्रत्येक अ‍ॅक्सेस पॉइंटच्या रेडिओची बीएसएसआयडी ही ओळख वेगळी असते आणि उपकरण एका वेळी साधारणतः एकाच बीएसएसआयडीशी जोडलेले असते. एकाकडून दुसऱ्याकडे जाण्याच्या क्रियेला रोमिंग म्हणतात.

मोबाइल दूरध्वनीच्या जाळ्यात संभाषण चालू असताना फोनला एका मनोऱ्याकडून दुसऱ्याकडे सोपविण्याचा निर्णय प्रामुख्याने जाळे घेते. वाय-फायच्या ८०२.११ मानकात मात्र हा निर्णय उपकरणाकडे असतो. तो कधी आणि कोणत्या निकषावर घ्यावा, हे मानकाने ठरवून दिलेले नाही. प्रत्येक उत्पादक आपला नियम स्वतः ठरवतो आणि त्यामुळे एकाच खोलीतील दोन उपकरणे वेगळी वागू शकतात.

## कारणे

जवळचा अ‍ॅक्सेस पॉइंट शोधण्यासाठी उपकरणाला आपली वाहिनी काही क्षण सोडून इतर वाहिन्या ऐकाव्या लागतात. यात बॅटरी खर्च होते आणि चालू असलेल्या माहितीच्या देवाणघेवाणीत खंड पडतो. म्हणून चालू जोडणीचा सिग्नल एका ठरावीक पातळीखाली जाईपर्यंत बहुतेक उपकरणे असा शोध घेण्याचे टाळतात.

अ‍ॅपल कंपनीने आपल्या उपकरणांच्या पातळ्या प्रसिद्ध केल्या आहेत. आयफोनसाठी ही पातळी उणे ७० डीबीएम, तर मॅक संगणकासाठी उणे ७५ डीबीएम आहे. (डीबीएमचा आकडा शून्यापासून जितका खाली, तितका सिग्नल क्षीण.) पातळी ओलांडल्यावरही उपकरण लगेच जागा बदलत नाही, नवा अ‍ॅक्सेस पॉइंट जुन्यापेक्षा काही डेसिबलने सरस असावा लागतो. ही अट नसती, तर दोन अ‍ॅक्सेस पॉइंटांच्या सीमेवर बसलेल्या व्यक्तीचे उपकरण सतत इकडून तिकडे उड्या मारत राहिले असते.

दुसरे कारण जाळ्याच्या रचनेत असते. अ‍ॅक्सेस पॉइंटांची प्रसारणशक्ती कमाल पातळीवर ठेवली, तर त्यांचा सिग्नल दूरवर पोहोचतो आणि उपकरणाला जुनी जोडणी पुरेशी वाटत राहते. शिवाय फोनचा रेडिओ सहसा अ‍ॅक्सेस पॉइंटपेक्षा दुबळा असतो. त्यामुळे फोनला दूरचा अ‍ॅक्सेस पॉइंट ऐकू येतो, पण अ‍ॅक्सेस पॉइंटला फोन नीट ऐकू येत नाही. पडद्यावरील सिग्नलच्या रेघा केवळ पहिली बाजू दाखवतात.

## उदाहरण

एका लांबट मजल्यावर स्वागतकक्षाजवळ ‘अ’, मध्यभागी ‘ब’ आणि दुसऱ्या टोकाच्या बैठकीच्या खोलीत ‘क’ असे तीन अ‍ॅक्सेस पॉइंट आहेत, असे मानू. एका कर्मचाऱ्याचा लॅपटॉप सकाळी स्वागतकक्षाजवळ ‘अ’ला जोडला जातो. तेथे सिग्नल उणे ४८ डीबीएम आहे. कर्मचारी लॅपटॉप चालू ठेवूनच बैठकीच्या खोलीत जातो. तेथे ‘अ’चा सिग्नल उणे ७३, तर ‘क’चा उणे ४७ डीबीएम आहे. फरक २६ डेसिबलचा, म्हणजे ‘क’ची पोहोचणारी शक्ती सुमारे ४०० पट आहे. तरीही लॅपटॉपची शोधपातळी उणे ७५ असल्यामुळे तो शोधच सुरू करत नाही आणि ‘क’ त्याच्या विचारातच येत नाही.

## परिणाम

क्षीण सिग्नलवर उपकरण माहितीचा वेग कमी करते. वर्गाला ऐकू जात नसले, की शिक्षक हळूहळू बोलतात, तसाच हा प्रकार असतो. १५०० बाइटांच्या चौकटीत १२,००० बिट असतात. ३०० एमबीपीएस वेगाने त्या पाठवण्यास ४० मायक्रोसेकंद लागतात, तर ६ एमबीपीएस वेगाने २००० मायक्रोसेकंद, म्हणजे ५० पट वेळ. (चौकटीसोबतचा इतर वेळ येथे धरलेला नाही.)

एका वाहिनीवर एका वेळी एकच उपकरण बोलू शकते. त्यामुळे बैठकीच्या खोलीतील त्या लॅपटॉपचा फटका स्वागतकक्षाजवळ बसून ‘अ’ वापरणाऱ्यांनाही बसतो. त्यांचा सिग्नल उत्तम असूनही त्यांना आपल्या पाळीची वाट पाहावी लागते. म्हणूनच तक्रार एका टोकाला आणि मूळ दुसऱ्या टोकाला, असे या दोषात घडते.

## निदान

उपकरण कोणत्या बीएसएसआयडीला जोडलेले आहे, हे पाहणे ही पहिली पायरी होय. विंडोज व लिनक्स प्रणालींवर अनुक्रमे पुढील आज्ञा ही माहिती दाखवतात (लिनक्समध्ये रेडिओचे नाव वेगळे असू शकते):

```
netsh wlan show interfaces
iw dev wlan0 link
```

स्वागतकक्षाजवळ आणि बैठकीच्या खोलीत मिळालेली बीएसएसआयडी तीच असेल व वेग घसरलेला असेल, तर संशय बळावतो. त्यानंतर त्याच जागी उपकरणाचे वाय-फाय बंद करून पुन्हा चालू करतात. उपकरण जवळच्या अ‍ॅक्सेस पॉइंटला जोडले जाऊन वेग सुधारला, तर दोष चिकटपणाचा ठरतो. जवळच्याला जोडले जाऊनही वेग सुधारला नाही, तर कारण त्या अ‍ॅक्सेस पॉइंटवरील गर्दी, हस्तक्षेप किंवा त्याची तार यांत शोधावे लागते. दुसरा कोणताही अ‍ॅक्सेस पॉइंट पुरेसा ऐकू येत नसेल, तर ती सिग्नलच्या व्याप्तीतील उणीव होय.

## उपाय आणि मर्यादा

सर्वसाधारणपणे सुरुवात अ‍ॅक्सेस पॉइंटांची प्रसारणशक्ती कमी करण्यापासून होते. वरील उदाहरणात ‘अ’ची शक्ती ६ डेसिबलने घटवल्यास बैठकीच्या खोलीत त्याचा सिग्नल उणे ७९ होतो, लॅपटॉपची पातळी ओलांडली जाते आणि शोध सुरू होतो. मात्र शक्ती अति घटवल्यास दोन अ‍ॅक्सेस पॉइंटांच्या मध्ये पोकळी राहते. अगदी कमी वेग बंद करणे हा पूरक उपाय आहे. त्यामुळे दूरची जोडणी रेंगाळत राहणे कठीण होते, पण केवळ तेच वेग जाणणारी जुनी उपकरणे जाळ्याबाहेर पडू शकतात.

८०२.११के या सुधारणेनुसार अ‍ॅक्सेस पॉइंट उपकरणाला शेजाऱ्यांची यादी देतो, त्यामुळे शोध लवकर आटोपतो. ८०२.११व्ही नुसार तो उपकरणाला दुसरीकडे जाण्याची सूचना करू शकतो. परंतु ती सूचना नाकारण्याची मुभा उपकरणाला असते. ८०२.११आर मुळे स्थलांतराच्या वेळची सुरक्षा-पडताळणी जलद होते. उपकरणाने जागा केव्हा बदलावी, यावर मात्र तिचा परिणाम होत नाही.

काही जाळ्यांत ठरावीक पातळीखालील उपकरणाची जोडणी अ‍ॅक्सेस पॉइंट स्वतःच तोडतो. हा उपाय परिणामकारक असला, तरी चालू संभाषण खंडित होते, आणि जवळ दुसरा सशक्त पर्याय नसल्यास उपकरण पुन्हा त्याच अ‍ॅक्सेस पॉइंटकडे येऊन पुन्हा बाहेर काढले जाते. उपकरणाच्या बाजूने पाहता, विंडोजवरील इंटेलच्या अनेक वाय-फाय कार्डांत `Roaming Aggressiveness` ही मांडणी असते. ती वाढवल्यास शोध लवकर सुरू होतो. अति वाढवल्यास उपकरण गरज नसतानाही जागा बदलू लागते.